पोस्टातलं खातं की बँकेतलं? आधी हातातलं कार्ड बघा

पत्र

सर, आम्ही सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवर राहतो. बँक चौदा किलोमीटरवर, पोस्ट मात्र वाडीतच, पोस्टमास्तरांच्या घरी. यांचं बँकेत खातं आहे. दुधाचं बिल आणि एक लाख चाळीस हजारांचं पीक कर्ज तिथंच. गेल्या वर्षी लाडकी बहीणसाठी पोस्टमननं माझं पोस्टात खातं काढलं, यांचंही काढलं. अंगठा घेतला आणि एक कार्ड दिलं. तेव्हापासून यांचे किसानचे हप्ते बँकेत दिसत नाहीत. आता डाळिंबाचे दोन लाख दहा हजार आले आहेत. हे म्हणतात सगळं पोस्टात ठेवू, सरकारचं आहे, बुडणार नाही. दीर म्हणतात पोस्टात पैसे अडकतात, बँकच बरी. शिकायला बाहेर असलेल्या मुलाला दर महिन्याला पैसे पाठवावे लागतात. काय करावं?
— एक वाचक भगिनी

उत्तर

ताई, पोस्टमननं दिलेलं ते कार्ड काढून समोर ठेवा. त्यावर चौकोनी काळे ठिपके असलेला क्यूआर कोड असेल आणि त्या खात्याचं पासबुक तुम्हाला मिळालेलं नसेल, तर तुमचं पोस्टात बचत खातं नाहीच. तुमचं खातं इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत आहे. ती बँक पूर्णपणे सरकारच्या मालकीची आहे, 1 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली, आणि पोस्टमन, पोस्टमास्तर तिचंच काम घरोघर करतात. पण पोस्टाचं जुनं, पासबुकवालं बचत खातं वेगळं आणि हे वेगळं. तालुक्याच्या डाकघरात मी बरीच वर्षं काउंटरवर बसलो. 2024 मध्ये लाडकी बहीणच्या वेळी पोस्टांसमोर रांगा लागल्या, तेव्हा तुमच्यासारख्या असंख्य बायकांची हीच खाती निघाली, आणि घरी गेल्यावर सगळ्या म्हणाल्या, पोस्टात खातं काढलं. त्यांची चूक नाही, कुणी नीट सांगितलंच नाही.

फरक मोठा आहे म्हणून हे आधी सांगतो. पासबुकवाल्या बचत खात्यावर सध्या वर्षाला 4 टक्के व्याज मिळतं आणि त्यातल्या पैशाची हमी थेट केंद्र सरकारची असते, रक्कम कितीही असो. पेमेंट्स बँकेत व्याज त्याहून बरंच कमी आहे. दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त रक्कम तिथं ठेवता येत नाही आणि सुरक्षा इतर बँकांसारखीच विम्याची असते. म्हणजे तुमचे मालक ज्या भरवशावर डाळिंबाचा पैसा पोस्टात ठेवायचं म्हणतात, तो भरवसा पासबुकवाल्या खात्याचा आहे. ते खातं तुम्हाला अजून काढायचं आहे.

आता किसानचे हप्ते. ते हरवलेले नसावेत. सरकारी मदत खाते क्रमांक बघून येत नाही, आधार क्रमांक बघून येते. या मदतीसाठी एका आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं आणि सगळ्यात शेवटी ज्या खात्याला संमती दिली ते चालू राहतं. पोस्टमननं यांचं खातं काढताना आधार जोडायलाही अंगठा घेतला असणार. त्या दिवसापासून पीएम किसान आणि नमो शेतकरीचे पैसे बँकेऐवजी पेमेंट्स बँकेत उतरत असणार. खात्री करायला मुलाला सांगा. फोनवर myAadhaar उघडून यांच्या आधार क्रमांकानं आत जायचं, आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. आत Bank Seeding Status दाबलं की कोणती बँक जोडली आहे आणि ते जोडणं चालू आहे की नाही, ते दिसतं. तिथं पेमेंट्स बँकेचं नाव आलं तर यांचं क्यूआर कार्ड घेऊन पोस्टमास्तरांकडे जा आणि शिल्लक विचारा. मागचे हप्ते तिथंच जमा असतील. तिथं यांच्या जुन्याच बँकेचं नाव दिसलं किंवा जोडणं बंद दिसलं, तर मात्र हप्ता थांबायचं कारण वेगळं आहे आणि कृषी कार्यालयात जावं लागेल.

हे हप्ते पुन्हा बँकेकडे वळवायची घाई करू नका. पीक कर्जाची मुदत टळली की बँक कर्जदाराच्या बचत खात्यावर होल्ड लावते आणि त्या खात्यात जे येईल ते अडकून बसतं, मग ते दुधाचं बिल असो की सरकारी मदत. मदतीचे पैसे कर्जात वळते करू नका असे आदेश सरकार काढतं, पण आदेश दाखवत बँकेच्या पायऱ्या तुम्हालाच झिजवाव्या लागतात. हप्ते वेगळ्या खात्यात उतरत असतील तर एखाद्या वाईट वर्षी घरात किराणा तरी येतो. कर्ज चुकवायची वाट मी दाखवतोय असं समजू नका, उलट कर्जाबद्दल पुढे जरा कडक बोलणार आहे.

दीर म्हणतात पोस्टात पैसे अडकतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वाडीतलं पोस्ट हे शाखा डाकघर. ते दिवसात काही तासच उघडं असतं आणि तिजोरीत रोकड थोडी असते. तिथं एका खात्यातून दिवसाला वीस हजारांपर्यंतच पैसे काढता येतात, आणि तेवढेही हाताशी नसतील तर पोस्टमास्तर वरच्या डाकघरातून मागवून दुसऱ्या दिवशी देतात. त्यामुळे मोठी रक्कम लागणार असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. एकदम पन्नास हजार हवे असतील तर सांगोल्याच्या डाकघरात पासबुक घेऊन जावं लागेल. खातं काढताना एटीएम कार्ड मागून घ्या, ते कुठल्याही बँकेच्या एटीएममध्ये चालतं. रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर ना वाडीतलं पोस्ट उघडं असतं ना बँक, तेव्हा हे कार्डच कामाला येतं.

पण बँक चौदा किलोमीटरवर आहे म्हणून बँकेतल्या पैशासाठी दर वेळी चौदा किलोमीटर जायची गरज नाही. वाडीतल्या त्याच पोस्टमास्तरांकडे अंगठ्याचं यंत्र असतं. मदतीचे हप्ते दुसरीकडे येत असले तरी यांच्या बँक खात्याला आधार जोडलेला असेल तर बँकेचं नाव सांगून, आधार क्रमांक देऊन आणि अंगठा ठेवून यांना बँकेतले पैसे वाडीतच काढता येतात, एका वेळी दहा हजारांपर्यंत. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, त्याला एवढं पुरतं. म्हणून दुधाचं बिल बँकेतच राहू द्या. ते हलवायला डेअरीत कागदपत्रं करावी लागतील आणि त्यातून हाती काही लागणार नाही. शिवाय खात्यात उलाढाल दिसली की कर्ज वाढवून मागताना शाखेत तुमची बाजू भक्कम होते. पोस्ट तुम्हाला पीक कर्ज देत नाही. या एका कारणासाठी बँकेचं खातं जिवंत ठेवलंच पाहिजे.

अंगठ्याच्या व्यवहारात एक काळजी घ्या, मग तो पोस्टात असो की बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात. "सर्व्हर गेला, पुन्हा अंगठा ठेवा" असं सांगून दोनदा पैसे काढायचे आणि एकदाच हातात द्यायचे, ही फसवणूक खेड्यापाड्यांत झालेली आहे. सर्व्हर खरोखरही जातो, म्हणून प्रत्येक वेळी संशय घ्यायचं कारण नाही. पण दुसऱ्यांदा अंगठा ठेवण्याआधी पहिला व्यवहार फसल्याची पावती मागायची किंवा शिल्लक विचारायची. शिल्लक कमी झालेली दिसली तर अंगठा ठेवायचा नाही.

आता बुडण्याची भीती. बँकेतल्या ठेवींना विमा असतो, एका बँकेत एका माणसाच्या सगळ्या ठेवी आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. 4 फेब्रुवारी 2020 पर्यंत ही मर्यादा एकच लाख होती. राष्ट्रीयीकृत, खाजगी, जिल्हा मध्यवर्ती, नागरी सहकारी, सगळ्या बँका यात येतात. तुमचे दोन लाख दहा हजार पाच लाखांच्या आत आहेत. म्हणजे सुरक्षिततेच्या प्रश्नावर या रकमेपुरतं पोस्ट आणि बँक यांत तुम्हाला फरक पडत नाही. फरक सुरू होतो पाच लाखांच्या पुढे, जमीन विकली किंवा भूसंपादनाचे पैसे आले तर. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. जास्त व्याज देते म्हणून माझ्या आत्यानं आयुष्याची पुंजी एका पतसंस्थेत ठेवली होती. तिचे निम्मे पैसेही परत आले नाहीत आणि ते मागायला जाता जाता ती थकून गेली. डाळिंबाचे पैसे आल्याचं गावात कळलं की असा सल्ला देणारं कुणी ना कुणी तुमच्याही दारात येईल.

पोस्टातल्या पैशाला खरा धोका दुसरीकडून असतो. सरकारी हमी असते ती सरकारच्या खात्यात जमा झालेल्या पैशाला. शाखा डाकघरात पासबुकावर हातानं नोंद होते. माणूस ओळखीचा, रोज भेटणारा, कधी नात्यातलाही. लोक पैसे आणि पासबुक त्याच्या हातात देतात आणि निघून जातात. पासबुकात रक्कम लिहिली पण यंत्रात भरलीच नाही, असे अपहार शाखा डाकघरांत झालेले आहेत. ते उघड होतात तेव्हा चौकशी होते, पैसे मिळतातही, पण वर्षं जातात. तुमचे पोस्टमास्तर भले असतील, बहुतेक भलेच असतात. तरीही रीत सोडू नका. पैसे भरले की यंत्रातून निघालेली पावती हातात घ्या आणि पासबुकातल्या नोंदीवर तारखेचा शिक्का आहे का ते बघा. खात्याला तुमचा मोबाईल नंबर जोडा म्हणजे जमेचा मेसेज येईल. पासबुक पोस्टमास्तरांच्या कपाटात ठेवायचं नाही. एप्रिलमध्ये व्याज चढवायला ते वरच्या डाकघरात पाठवावं लागतं, तेव्हा त्याची एसबी-28 नावाची पावती मिळते, ती घेतल्याशिवाय पासबुक सोडू नका. आणि वर्षातून दोनदा सांगोल्याला बाजाराला जाल तेव्हा तिथल्या डाकघरात पासबुक छापून घ्या. हाताची नोंद आणि छापलेली शिल्लक जुळली की झालं.

व्याजाची गंमत बघा. बँक रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजते. दर कमी आहे, मोठ्या सरकारी बँकांत अडीच टक्क्यांच्या आसपास, पण दहा दिवस राहिलेल्या पैशाचंही व्याज मिळतं. पोस्ट 4 टक्के देतं, पण मोजायची पद्धत वेगळी. महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक राहिली तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. समजा तुमचे दोन लाख पोस्टात आहेत आणि 26 तारखेला दीड लाख काढले. 25 दिवस दोन लाख होते तरी त्या महिन्याचं व्याज पन्नास हजारांवरच मिळेल. तेच पैसे पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला काढले असते तर मागचा अख्खा महिना दोन लाखांवर मोजला गेला असता. दीड लाखावर एका महिन्याचे पाचशे रुपये होतात. पैसे भरताना याच्या उलट, 10 तारखेच्या आत भरायचे. म्हणून सतत येणारा-जाणारा पैसा पोस्टात ठेवून फायदा नाही, थांबणारा पैसा ठेवायचा. खात्यात पाचशे रुपये कायम राहू द्या, त्याखाली गेलात तर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही आणि वर्षअखेरीलाही शिल्लक तेवढी नसेल तर पन्नास रुपये कापले जातात.

हे सगळं तुमच्या दोन लाख दहा हजारांना लावून बघू. त्यातले एक लाख चाळीस हजार तुमचे नाहीत, ते कर्जाचे आहेत, असं आजच मनात धरा. पीक कर्ज मुदतीत भरलं तर केंद्र आणि राज्य यांच्या सवलतींमुळे तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की सवलत गेली, आणि सात टक्क्यांनी धरलं तरी वर्षाचे नऊ हजार आठशे रुपये अंगावर येतात. आता तुलना करा. मुदतीला चार महिने आहेत असं धरलं, तर हे एक लाख चाळीस हजार तोवर पोस्टात ठेवल्यावर सुमारे अठराशे साठ रुपये मिळतील, बँकेत अकराशे साठ. पोस्टाचा फायदा सातशे रुपये. तारीख चुकण्याचा तोटा त्याच्या चौदा पट. तेव्हा पोस्ट की बँक हा वाद घालण्याआधी कर्ज नवं-जुनं करायची तारीख शाखेत विचारून दिनदर्शिकेवर लिहा, आणि त्या तारखेच्या आठ दिवस आधी पैसे बँकेत पोचवा. पोस्टातून बँकेत पैसे पाठवायची सोय 2022 पासून झाली आहे. सांगोल्याच्या डाकघरात अर्ज भरून एनईएफटी होते, रोकड पिशवीतून न्यायची गरज नाही. व्यापारी पैसे देणार असेल तर त्यालाही सांगता येतं, पोस्टाच्या सगळ्या बचत खात्यांचा आयएफएससी कोड एकच आहे: IPOS0000DOP. पेमेंट्स बँकेचा कोड वेगळा, IPOS0000001. या दोन्हींत गल्लत झाली की पैसे परत जातात आणि व्यापाऱ्याला उशीर करायला निमित्त मिळतं.

उरलेल्या सत्तर हजारांतले जे वर्षभर लागणार नाहीत ते कुठल्याच बचत खात्यात ठेवू नका, पोस्टात किंवा बँकेत मुदत ठेव करा.

मुलाला पैसे पाठवायला पेमेंट्स बँकेचं खातं चांगलं आहे. तिच्या अॅपवरून यूपीआयनं लगेच पैसे जातात. वाडीच्या पोस्टात नवं बचत खातं निघालं की ते पेमेंट्स बँकेच्या खात्याशी जोडून घ्या, पोस्टमास्तर ते करून देतात. मग मोबाईलवरूनच इकडचे पैसे तिकडे होतात. हप्ते आले की थोडे मुलासाठी ठेवायचे आणि बाकीचे 10 तारखेच्या आत बचत खात्यात टाकायचे. पोस्टमनला घरी बोलावून पैसे काढायचे तर त्याचं शुल्क पडतं, तुमचं पोस्ट चार पावलांवर असताना ते देऊ नका.

नवं खातं तुमच्या दोघांच्या नावे काढा. अर्जावर संयुक्त खात्याचे दोन प्रकार असतात. ‘अ’ प्रकारात पैसे काढायला दोघांच्याही सह्या लागतात, ‘ब’ प्रकारात कुणाही एकाची चालते. तुम्ही ‘ब’ वर खूण करा. हे रानात असताना किंवा गावाला गेले असताना तुम्ही एकट्या पैसे काढू शकाल, आणि दुर्दैवानं काही झालं तर दुसऱ्याला खातं चालवता येतं. वारसाच्या रकान्यात मुलाचं नाव घाला. वारस लिहिलेला नसेल तर पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळायलाही सहा महिने थांबावं लागतं, शिवाय प्रतिज्ञापत्रं करावी लागतात. लाडकी बहीणचा हप्ता मात्र तुमच्या एकटीच्या पेमेंट्स बँकेच्या खात्यातच येऊ द्या, तो संयुक्त खात्याकडे वळवायच्या भानगडीत पडू नका.

पोस्टात जाताना दोघांची आधार कार्डं, दोघांचे दोन-दोन फोटो आणि पाचशे रुपये न्या. शिल्लक पन्नास हजारांच्या वर जाणार आहे, म्हणून पॅन कार्डही लागेल. यांचं पॅन नसेल तर आधी ते काढायला टाका. शाखा डाकघरात दिवसाला पन्नास हजारांच्या वर रोख घेत नाहीत, तेव्हा डाळिंबाचे पैसे घरात रोख असतील तर खातं वाडीत काढा आणि रक्कम भरायला दोघं मिळून सांगोल्याच्या डाकघरात जा. तिथं पासबुक छापूनच मिळेल.